मुलाखत घेणारेच आले नाहीत, तर?

नोकरीच्या मुलाखतीला वेळेवर पोहोचावे, हे आजकाल कोणत्याही उमेदवाराला शिकवावे लागत नाही. पण आपण वेळेवर हजर झालो आणि मुलाखत घेणारेच आले नाहीत, तर काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. व्हिडिओ कॉलवर मुलाखती घेण्याची पद्धत २०२० नंतर घरोघरी पोहोचली, तसा हा अनुभवही घरोघरी येऊ लागला आहे. इस्त्रीचे कपडे घालून, मागची भिंत आवरून, घरातल्यांना गप्प बसवून मुलगा किंवा मुलगी संगणकासमोर बसते. पडद्यावर फक्त स्वतःचाच चेहरा दिसत राहतो. पाच मिनिटे जातात, दहा जातात, पाऊण तास होतो आणि कोणीही येत नाही.

पूर्वी असे घडत नव्हते असे नाही. साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर दोन-दोन तास बसून राहिलेली माणसे पुष्कळ असतील. पण त्यात आणि यात एक मोठा फरक आहे. बाकावर बसलेला उमेदवार शिपायाला दिसत असे, टेबलावरच्या बाईंना दिसत असे. तो आला होता, हे चार लोकांना ठाऊक असे. व्हिडिओ कॉलवर वाट पाहणारा उमेदवार कोणालाच दिसत नाही. तो कॉलवर आला होता की नाही, हे कंपनीत कोणी सांगू शकेलच असे नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत मुलाखतीची वेळ टळून गेली की संगणकावरच्या नोंदीत एक शेरा भरावा लागतो. घाईत त्या रकान्यात ‘उमेदवार गैरहजर’ असे पडले, तर अर्ज तिथेच बंद होऊ शकतो आणि उमेदवाराला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून अशा वेळी पाठवायचा निरोप ही तक्रार नसते, ती हजेरी असते. हे एकदा नीट ध्यानात घेतले, की त्यात काय लिहावे, काय लिहू नये, तो कोणाला आणि केव्हा पाठवावा, हे प्रश्न आपोआप सुटू लागतात.

उदाहरणार्थ, इंदूरच्या एका तरुणीची गोष्ट घ्या. ती एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीत हिशेबाचे काम पाहते. पुण्यातल्या एका कारखान्याच्या अकौंट्स विभागात जागा निघाली, तिने अर्ज केला आणि मंगळवार, २० तारखेला दुपारी ४ वाजता मुलाखत ठरली. मुलाखत विभागाचे मॅनेजर घेणार होते. वेळ ठरवण्याचे, लिंक पाठवण्याचे काम कंपनीच्या एचआर विभागातल्या मॅडम करत होत्या. तरुणीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पेढीत कारण सांगता येण्यासारखे नव्हते, त्यामुळे ही रजा तिला सहज मिळालेली नव्हती.

पहिली दहा मिनिटे

ती ३ वाजून ५५ मिनिटांनी लिंकवर गेली. चार वाजले, चार वाजून पाच मिनिटे झाली. या वेळी पहिले काम म्हणजे स्वतःची बाजू तपासणे. आमंत्रण पुन्हा उघडून तारीख, वेळ आणि लिंक ही तिन्ही पाहावीत. आमंत्रण दोनदा आलेले असते आणि दुसऱ्यात लिंक बदललेली असते, असे पुष्कळदा होते. नवे आमंत्रण कधी स्पॅममध्ये जाऊन पडते, कधी अर्जात दिलेल्या दुसऱ्याच ई-मेल पत्त्यावर जाते. तेही पाहून घ्यावे.

पडद्यावरचा मजकूरही नीट वाचावा. तो साधारण दोन प्रकारचा असतो. एकात यजमानाने बैठक अजून सुरूच केलेली नाही, असे सांगितलेले असते. म्हणजे त्या लिंकवर समोरून कोणी आलेले नाही. दुसऱ्यात तुम्ही प्रतीक्षेत आहात, यजमान तुम्हाला आत घेतील, असे असते. हा दुसरा मजकूर दिसत असेल तर समोरची माणसे कदाचित आतच बसलेली असतात. बाहेर कोणी थांबले आहे ही सूचना पडद्याच्या कोपऱ्यात येते आणि बोलण्याच्या नादात ती कोणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी लिंक बंद करून पुन्हा एकदा जोडली, तर सूचना नव्याने जाते. एकदा तेवढे करून पाहावे. मात्र सारखे आतबाहेर करू नये.

या काळात कॅमेरा आणि आवाज चालूच आहेत असे समजून बसावे. स्वयंपाकघरातून आईने ‘अजून आला नाही का गं तो माणूस?’ असे विचारायला आणि तो माणूस पडद्यावर यायला एकच गाठ पडते.

चार वाजून दहा मिनिटे

सगळे तपासूनही समोर कोणी नसेल, तर दहाव्या मिनिटाला पहिला निरोप पाठवावा. तो मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांना न पाठवता ज्यांनी वेळ ठरवली त्यांना पाठवावा. अधिकाऱ्यांचा नंबर हाताशी असला तरी त्यांना थेट लिहिणे म्हणजे त्यांना जाब विचारण्यासारखे वाटते. वेळ ठरवणाऱ्या व्यक्तीचे मात्र हे कामच असते. मुलाखत एखाद्या नोकरी सल्लागारामार्फत ठरली असेल, तर निरोप त्या सल्लागारालाच जावा. त्याला वगळून कंपनीला परस्पर लिहिले, तर दोन्हीकडे गैरसमज होतात.

इंदूरच्या तरुणीने एचआरच्या मॅडमना मोबाईलवर एवढेच लिहिले :

‘नमस्कार मॅडम. आज दुपारी ४ वाजता अकौंट्स विभागासाठी माझी मुलाखत आहे. मी ३.५५ पासून आमंत्रणातल्या लिंकवर हजर आहे. वेळ किंवा लिंक बदलली असल्यास कृपया कळवावे. मी ४.३० पर्यंत लिंकवर थांबते आहे.’

या निरोपात समोरच्या माणसाचा उल्लेखच नाही. ‘सर अजून आलेले नाहीत’ हे वाक्य खरे असले तरी तिने ते लिहिले नाही. मी हजर आहे, एवढे सांगितले की उरलेले वाचणाऱ्याला कळते. जे त्याला स्वतःहून कळते, ते आपण सांगितले की टोचते. ‘लिंक बदलली असल्यास’ या शब्दांनी चूक कोणाची हा प्रश्न उघडा ठेवला आहे, आणि तो खरोखरच उघडा असतो. शेवटच्या वाक्याने मॅडमना किती वेळ हातात आहे तेही समजते. त्या तेवढ्यात एखादा फोन करू शकतात.

उत्तर आले नाही, तर चार वाजून वीस मिनिटांनी मॅडमना एकदा फोन करायला हरकत नाही. उचलला नाही तर पुन्हा करू नये. ओळीने पाच मिस्ड कॉल दिसले, की निरोपातला सगळा सौजन्याचा सूर त्यात वाहून जातो.

थांबायचे किती, याचा नियम कोठे लिहिलेला नाही. मुलाखत अर्ध्या तासाची असेल तर वीस मिनिटे आणि तासाभराची असेल तर अर्धा तास थांबणे पुरेसे आहे. जितका वेळ थांबतो असे लिहिले असेल, तितका वेळ मात्र खरोखर थांबावे. निघताना पडद्याचा वेळेसह एक फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावा. तो कोणाला पाठवायचा नाही. पुढे कधी ‘तुम्ही आलाच नव्हता’ असे कोणी म्हणाले तर तो असावा, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग. निरोपासोबत फोटो जोडला की तो पुरावा होतो, आणि पुरावा फिर्यादीसोबतच दिला जातो.

त्याच दिवशीचे पत्र

साडेचारला ती लिंकवरून बाहेर पडली. तिने चहा घेतला, बहिणीजवळ दहा मिनिटे मनातले सगळे बोलून टाकले आणि मग पावणेपाचला ई-मेल लिहायला बसली. बोलून टाकणे आधी आणि लिहिणे नंतर, हा क्रम चांगला. उलट झाले की बहिणीजवळ बोलायचे ते कंपनीला लिहिले जाते.

ई-मेल त्याच दिवशी, कार्यालय सुटण्याआधी जायला हवा. शेरा भरणारी व्यक्ती तो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी भरते. पत्र नवे न लिहिता ज्या ई-मेलमधून आमंत्रण आले, त्याच्याच उत्तरात लिहावे, म्हणजे तारीख, पद आणि लिंक शोधायला कोणाला खाली-वर जावे लागत नाही. तिचे पत्र असे होते. ते तिने इंग्रजीत पाठवले, त्याचा मराठी मजकूर हा :

‘आदरणीय मॅडम,

आज, २० तारखेला दुपारी ४ वाजताच्या मुलाखतीसाठी मी ३.५५ ते ४.३० या वेळेत लिंकवर उपस्थित होते. आज भेट होऊ शकली नाही.

या पदाविषयी मला आस्था आहे आणि सोयीच्या दुसऱ्या वेळी बोलायला आवडेल. गुरुवार २२ रोजी सायंकाळी ५ नंतर, शुक्रवार २३ रोजी सकाळी १० पूर्वी किंवा शनिवार २४ रोजी दिवसभर मी उपलब्ध आहे. यांपैकी एकही वेळ सोयीची नसल्यास कृपया दुसरी सुचवावी.

माझ्या बाजूने लिंक किंवा आमंत्रण याबाबत काही तपासायचे असल्यास तेही कळवावे.

आपली,’

आणि खाली नाव, मोबाईल नंबर.

एवढेच पत्र, पण त्यातली प्रत्येक गोष्ट जागेवर आहे. पहिले वाक्य हजेरीचे. त्यात वेळ आकड्यांत आहे. ‘बराच वेळ’, ‘ताटकळत’, ‘तब्बल’ असे शब्द नाहीत. ‘३.५५ ते ४.३०’ ही माहिती होते, आणि ‘तब्बल पस्तीस मिनिटे’ हा आरोप होतो. घटना तीच, फक्त एका शब्दाने सूर बदलतो.

दुसरे वाक्य ‘भेट होऊ शकली नाही’ असे आहे. मराठीत ही सोय फार चांगली आहे. कर्ता न सांगताही वाक्य पूर्ण होते. ‘सर आले नाहीत’ म्हटले की कोणीतरी गुन्हेगार ठरतो. ‘मी भेटू शकले नाही’ म्हटले की आपणच गुन्हेगार ठरतो. इंग्रजीत लिहितानाही ‘यू’ ने सुरू होणारे वाक्य टाळावे आणि ‘वुई’ ने सुरू करावे, म्हणजे हाच परिणाम साधतो.

पत्रात क्षमा मागितलेली नाही, हेही पाहण्यासारखे आहे. सभ्यपणाच्या भरात कित्येक उमेदवार ‘झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असे लिहून मोकळे होतात. दोन दिवसांनी ते पत्र वाचणाऱ्याला हाच उमेदवार आला नव्हता असे वाटते. हजेरी लावायला गेलेला माणूस स्वतःच्या हाताने गैरहजेरी लावून येतो.

समोरच्यासाठी कारणही शोधून दिलेले नाही. ‘आपण कामाच्या गडबडीत विसरला असाल’ हे वाक्य लिहिणाऱ्याला समजूतदारपणाचे वाटते. वाचणाऱ्याला त्यातून ‘तुम्ही विसरलात’ एवढेच ऐकू येते. कारण माहीत नसेल, तर ते लिहू नये.

तशी या तरुणीला एक शंका होती. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्या व्यवसायांना जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागते. पेढीत ते काम तीच करत असल्याने २० तारखेला कोणत्याही अकौंट्स विभागात काय धांदल असते, हे तिला ठाऊक होते. पण ‘आज २० तारीख असल्याने सर व्यग्र असतील’ असे तिने लिहिले नाही. या माहितीचा उपयोग तिने फक्त नव्या वेळा निवडताना केला. २१ तारीख सोडून तिने २२ पासूनचे दिवस दिले. समोरच्या माणसाला ते सोयीचे गेले असणार.

वेळा सुचवताना दोन-तीन नेमक्या द्याव्यात. ‘केव्हाही चालेल’ असे लिहिले की ठरवण्याचे सगळे काम पुन्हा समोरच्यावर पडते आणि ते मागे राहते. शिवाय नोकरी करणाऱ्या माणसाला केव्हाही चालत नसते. पुन्हा अर्धी रजा टाकावी लागू नये, म्हणून तिने कामाच्या वेळेबाहेरच्या वेळा आणि पेढीच्या सुट्टीचा शनिवार आधीच मांडून ठेवला.

उत्तर आले, तेव्हा

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मॅडमचे उत्तर आले. मॅनेजर साहेबांची दुसरी बैठक त्याच लिंकवर असल्याने सकाळी लिंक बदलली होती. नवे आमंत्रण साहेबांना गेले, उमेदवाराला गेलेच नाही. साहेब चार ते सव्वाचार नव्या लिंकवर थांबले आणि ‘उमेदवार आला नाही’ असे कळवून पुढच्या कामाला लागले. दुपारी इतर मुलाखतींमध्ये गुंतलेल्या मॅडमनी चार वाजून दहा मिनिटांचा निरोप संध्याकाळी पाहिला, तेव्हा हा घोळ त्यांच्या लक्षात आला. शेरा दुरुस्त झाला आणि मुलाखत शुक्रवारी सकाळी ९ वाजता ठरली.

म्हणजे दोघेही वेळेवर हजर होते आणि दोघेही एकमेकांना गैरहजर समजत होते. तिने पत्रात एक तिरकस वाक्य लिहिले असते, तर ते पंधरा मिनिटे थांबलेल्या माणसाच्या हाती पडले असते. प्रत्येक वेळी असेच घडते असे नाही. अनेकदा समोरचा माणूस खरोखरच विसरलेला असतो. पण लिहिण्याच्या क्षणी यातले काय घडले आहे, हे उमेदवाराला कळायला मार्ग नसतो. म्हणून पत्र असे हवे, की दोन्ही परिस्थितींत ते शोभून दिसेल.

मुलाखत घेणारे परदेशात असतील, तर आणखी एक कारण संभवते. अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. भारतात तसे होत नाही. त्यामुळे न्यूयॉर्कमधली सकाळी ९.३० ची वेळ ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे संध्याकाळी ७ ला येते आणि नोव्हेंबरच्या त्या रविवारनंतर रात्री ८ ला. ऑक्टोबरात तोंडी ठरलेल्या मुलाखतीला नोव्हेंबरात ७ वाजता बसणारा उमेदवार तासभर आधी आलेला असतो. तिथे रागाने पत्र पाठवून लिंक बंद केली, तर तासाभराने गैरहजेरी खरोखरच लागते. अशी मुलाखत ठरवताना दोन्ही ठिकाणच्या वेळा शहराच्या नावासह लिहून पक्क्या करून घ्याव्यात.

उशिरा आले, तर

न येण्यापेक्षा उशिरा येणे जास्त वेळा घडते, आणि तिथे सूर सांभाळणे अधिक अवघड असते, कारण बोलणे समोरासमोर असते. चारची मुलाखत, आणि चार वाजून पंचवीस मिनिटांनी साहेब घाईघाईने पडद्यावर येतात. ‘सॉरी हं, मीटिंग लांबली’ म्हणतात. ‘नाही नाही, मी आपली अर्धा तास बसलेच होते’ हे उत्तर हसत दिले तरी बोचते. ‘हरकत नाही सर, आपण सुरुवात करू या’ एवढे पुरे.

मात्र पुढे काही काम असेल, तर ते याच वेळी सांगावे. ‘मला आज ५ पर्यंत वेळ आहे, चालेल ना सर?’ हे सुरुवातीला विचारले, तर साहेब प्रश्नांची आखणी त्याप्रमाणे करतात. पाचला पाच कमी असताना सांगितले, तर ते उशिराचे उट्टे काढल्यासारखे वाटते. पाच नंतरही वेळ असेल तर तसे सांगावे. उशिरा आलेल्या माणसाचे ओझे त्याने निम्मे होते.

अशा मुलाखतीचे खरे नुकसान वेगळेच असते. पंचेचाळीस मिनिटांचे बोलणे वीस मिनिटांत उरकले जाते आणि नेमका आपला हातखंडा विषय राहून जातो, किंवा त्याचे उत्तर अर्धवट सुटते. त्यामुळे त्या संध्याकाळच्या आभाराच्या पत्रात उशिराचा उल्लेख अजिबात करू नये, ‘आपण उशिरा का होईना वेळ काढलात’ असाही नाही. त्याऐवजी राहिलेला विषय तीन-चार ओळींत पुरा करावा. उदाहरणार्थ :

‘आज वेळ दिल्याबद्दल आभार. खरेदीची नोंद आणि जीएसटीआर-२बी यांचा ताळा कसा घालता, या प्रश्नाचे उत्तर मी थोडक्यात दिले होते. ते येथे पुरे करते. पुरवठादाराने बिल चढवलेले नसेल तर ते २बी मध्ये दिसत नाही आणि त्याची क्रेडिट घेता येत नाही. म्हणून मी अशा बिलांची यादी दर महिन्याला २बी तयार होताच काढते आणि पुरवठादारांना कळवते. याविषयी अधिक बोलायचे असल्यास पंधरा मिनिटांच्या कॉलसाठी मी तयार आहे.’

वेळ कमी पडला हे यात कोठेही म्हटलेले नाही, तरी गेलेल्या पंचवीस मिनिटांतली थोडी मिनिटे परत मिळाली आहेत. साहेबांना वाटले तर ते स्वतःहून दुसरा कॉल ठरवतील.

उत्तरच आले नाही, तर

कित्येकदा त्या पत्राचे उत्तर येत नाही. तेव्हा मधले दोन कामाचे दिवस जाऊ द्यावेत. मंगळवारी पत्र गेले असेल, तर शुक्रवारी दुसरे लिहावे. तोवर आधी दिलेल्या वेळा टळत आलेल्या असतात, म्हणून या पत्रात नव्या वेळा द्याव्या लागतात, आणि पुन्हा लिहिण्याला तेच साधे, सरळ निमित्त असते : ‘मंगळवारच्या मुलाखतीसाठी पुढील आठवड्यातील माझ्या उपलब्ध वेळा कळवत आहे.’ ‘आधीच्या पत्राचे उत्तर मिळाले नाही’, ‘पुन्हा एकदा आठवण करून देते’ असे लिहू नये. आधीचे पत्र खाली जोडलेले असतेच. ते वाचणाऱ्याला दिसते.

त्यानंतर आठवडाभराने तिसरे आणि शेवटचे पत्र. त्यात प्रश्न एकच असावा आणि त्याचे उत्तर हो किंवा नाही इतके सोपे असावे : ‘या पदासाठी मुलाखती अजून सुरू आहेत का, एवढे कळवले तर मला पुढचे ठरवता येईल.’ मोठे पत्र पाहून ‘निवांत उत्तर देऊ’ म्हणणारा माणूस एका ओळीचे उत्तर लगेच देतो. याही पत्राला उत्तर नसेल, तर तो अर्ज मनातून बाजूला ठेवावा. जागा रद्द झालेली असते, आतल्याच कोणाला दिलेली असते किंवा वेळ ठरवणारी व्यक्तीच नोकरी सोडून गेलेली असते. चौथ्या पत्राने यातले काही बदलत नाही.

ठरलेली दुसरी मुलाखतही अशीच फसली, तर मात्र विचार करावा. पहिल्या वेळी योगायोग म्हणता येतो. दुसऱ्या वेळी, कोणी काहीही न कळवता तसेच घडले, तर त्या विभागात कामाची घडी कशी असेल याचा तो नमुना समजावा. अजूनही नोकरी हवीशी वाटत असेल, तर वेळ आपण न सुचवता त्यांच्यावर सोपवावी : ‘आजही भेट होऊ शकली नाही. आपल्या बाजूने वेळ निश्चित झाली की कळवावे, मी त्याप्रमाणे उपस्थित राहीन.’ आणि त्यांनी वेळ नक्की केल्याशिवाय पुन्हा रजा टाकू नये.

याच टप्प्यावर सावधही राहावे. मुलाखत चुकल्यामुळे नव्याने नोंदणी करण्यासाठी किंवा नवी वेळ घेण्यासाठी पैसे भरा, असा निरोप आला, तर तो फसवणुकीचा समजावा. नोकरी देणारी प्रामाणिक कंपनी मुलाखतीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. त्या निरोपाला उत्तर न देता कंपनीच्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून खात्री करून घ्यावी.

आणि माघार घ्यायची ठरलीच, तर तीही लेखी घ्यावी : ‘सध्या या पदासाठी मी पुढे जाऊ शकत नाही. माझ्या अर्जाचा विचार केल्याबद्दल आभार.’ कारण लिहिण्याची गरज नाही. दोन वेळा कोण आले नाही, हे त्यांच्याकडच्या पत्रांत तारीख-वेळेसह नोंदलेले असते. कोणी ती पत्रे उघडली तर उमेदवार दोन्ही वेळा हजर होता, हे त्याला वाचायला मिळेल, आणि त्यात रागाचा एकही शब्द सापडणार नाही.